इंग्रजी विभाग : रोजचे शब्द, वाचन आणि रविवारची उजळणी (६ जुलै ते ३० ऑगस्ट २०२६)

अमळनेर तालुक्यातील अभ्यासिकेत बँक क्लार्क पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी

पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. त्यामुळे अर्धवट आठवणारा शब्द तिथे तोट्याचाच ठरतो. नवे शब्द कमी घ्यायचे आणि घेतलेले पक्के करायचे, या हिशोबाने हे वेळापत्रक आखले आहे.

सकाळी ६:३० ते ७:००. नवे शब्द, सोमवार ते शुक्रवार

रोज १० शब्द. ६ जुन्या प्रश्नपत्रिकांतून, ४ आदल्या रात्रीच्या वाचनातून. सोमवारी शनिवारच्या उताऱ्यातून. प्रत्येक दिवसाला वहीचे वेगळे पान. पान उभे दुमडा: डावीकडे फक्त शब्द, उजवीकडे अर्थ, सोबत येणारे शब्दयोगी आणि स्वतःचे वाक्य. स्पेलिंग शब्दकोशातूनच उतरवा. उदाहरणार्थ :

रिलक्टंट : नाखूष, मनातून तयार नसलेला. पुढे 'टू' येतो. वाक्य : फार्मर्स वेअर रिलक्टंट टू सेल कॉटन अ‍ॅट धिस प्राइस.

अर्थ अहिराणीत पटकन सुचला तर अहिराणीतच लिहा. वाक्य मात्र शब्दकोशातले नको. आपल्या शेताचे, बाजाराचे, घरातले हवे.

एकाच अर्थाचे पाच-सहा शब्द एका दिवशी घेऊ नका. ते एकमेकांत मिसळतात. अ‍ॅडव्हर्स आणि अ‍ॅव्हर्स, इमिनंट आणि एमिनंट या सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अर्थाच्या जोड्यांतलाही एक शब्द या आठवड्यात, दुसरा पुढच्या.

उजळणीच्या तारखा

पान लिहून झाले की कोपऱ्यात चार तारखा टाका : १, ३, ७ आणि २१ दिवसांनंतरच्या. ६ जुलैच्या पानावर ७, ९, १३, २७ जुलै येतील. शिकलेले पहिल्या दिवसांत सर्वांत वेगाने विसरले जाते, हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडले. म्हणून सुरुवातीच्या तारखा जवळ आणि नंतरच्या लांब.

उजळणी करताना उजवी बाजू झाका. अर्थ मोठ्याने म्हणा, मगच पाहा. नुसते पान पुन्हा वाचले की सगळे ओळखीचे वाटते आणि परीक्षेत आठवत नाही; बहुतेकांची चूक इथेच होते. चौथ्या आठवड्यापासून काही दिवशी ४० शब्द उजळणीला येतील. शब्दाला १५ सेकंद धरले तर १० मिनिटांत होतात. पॅसेंजरने ये-जा करणाऱ्यांनी हे काम गाडीतच उरकावे.

रात्री ९:०० ते ९:४०. वाचन

सोमवार, बुधवार, शुक्रवार : इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख. पहिले वाचन शब्दकोशाशिवाय. मग दोन ओळींत मराठीतून सांगा : लेखकाचे म्हणणे काय, कारण काय. ते जमले नाही तर अडचण शब्दांची नाही, वाक्यरचनेची आहे. तो परिच्छेद पुन्हा वाचा. जास्तीत जास्त ८ शब्दांखाली रेघ मारा. त्यांतले चारच वहीत घ्या, ज्यांच्याशिवाय वाक्य अडते ते.

मंगळवार, गुरुवार : ३५० ते ४०० शब्दांचा उतारा, ७ प्रश्न, घड्याळ लावून ८ मिनिटे. उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीत आहे त्यावर खूण करा.

शनिवार : १० गाळलेल्या जागांचा एक उतारा आणि वाक्यांचा क्रम लावण्याचे ५ प्रश्न. नवे शब्द नाहीत.

वीज जाते, म्हणून उताऱ्यांच्या छापील प्रती कपाटात ठेवल्या आहेत. निंदणी-कोळपणीला जाणाऱ्यांनी त्या दिवशी नवे शब्द आणि वाचन सोडावे, पण उजळणी सोडू नये.

रविवारी सकाळी ८:०० ते ९:००. आठवड्याची परीक्षा

आधी त्या दिवसाची तारीख असलेली पाने. मग ३० प्रश्न : २० या आठवड्याच्या शब्दांवर, १० मागच्या कोणत्याही आठवड्यातले. अर्थावरून शब्द लिहिणे १०, वाक्यातली जागा भरणे १०, जोडीतला योग्य शब्द ५, शब्दयोगी ५. वह्या अदलाबदल करून तपासा.

चुकलेला शब्द लाल पानावर जातो. सोमवारी त्याचे नवे वाक्य लिहायचे आणि चारही तारखा पुन्हा पहिल्यापासून. २४ पेक्षा कमी बरोबर आले तर पुढचा आठवडा रोज ६ शब्द. लाल पानावर २५ शब्द साचले तर दोन दिवस नवे शब्द बंद. यात कमीपणा नाही. साचलेले तसेच ठेवून पुढे जाणे महाग पडते.

कानबाईच्या रविवारी परीक्षा नाही. ती आदल्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता.

७ ऑगस्टनंतर

नवे शब्द ७ ऑगस्टला थांबतात. त्या दिवशीच्या पानाची २१ दिवसांची तारीख २८ ऑगस्टला येते. त्यानंतर घेतलेला शब्द शेवटची उजळणी न होताच राहील. पाच आठवड्यांत २५० शब्द होतात. १० ऑगस्टपासून सकाळच्या अर्ध्या तासात २० मिनिटांचा पूर्ण इंग्रजी विभाग सोडवा, उरलेल्या १० मिनिटांत चुका पाहा. २९ ऑगस्टला फक्त लाल पान, ३० ला सर्व २५० शब्दांतून ५० प्रश्नांची परीक्षा, सकाळी ८ वाजता.