दुकानाच्या रील्सचं वर्षाचं कॅलेंडर, जून ते मे

काका, हा कागद गल्ल्यामागे चिकटवा. आठवड्याला एक रील, ३० सेकंदांच्या आत, फोन उभा धरून. सणाची रील सणाच्या आठ-दहा दिवस आधी टाकायची, कारण गिऱ्हाईक खरेदी आधीच करतं. गेल्या वर्षी दिवाळीची रील पाडव्याला टाकली आणि ती वाया गेली. तिथी दरवर्षी पंचांगात बघूनच ठरवा.

जून : कॉलेजं सुरू. हॉस्टेलला निघालेल्या पोराच्या बॅगेत आई चादर कशी बसवते, एवढंच दाखवू.

आषाढी : सोलापुरातून जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीतले वारकरी. खांद्यावरचा टॉवेल जवळून घ्या. आधी त्यांना विचारा, मगच शूट करा.

नारळी पौर्णिमा : मार्कंडेय रथोत्सव. पूर्व भाग सगळा रस्त्यावर असतो. मास्तरांच्या अम्मा तेलुगूत शुभेच्छा देतील, खाली मराठी अक्षरं टाकू. त्या दिवशी माग बंद, म्हणून मागाचं शूट आदल्या आठवड्यात उरकायचं.

गणपती : लेझीम. एकच रील पुरे, शहरात सगळे तेच टाकतात.

कोजागरी : यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची. लाखो माणसं रात्रभर तुळजापूरला चालत जातात, ४५ किलोमीटरच्या आसपास. पहिली रील : निघताना चादरीची घडी कशी घालायची म्हणजे ती खांद्यावरून घसरत नाही. दुसरी : पहाटे रस्त्याकडेला त्याच चादरीवर पाय पसरून बसलेली माणसं. चेहरे नकोत, फक्त पाय आणि चादरीची किनार. गाणंही नको, पावलांचा आणि 'आई राजा उदो उदो'चा आवाज तसाच ठेवा.

दिवाळी : भेटीचे सेट, दर अक्षरांत. भाऊबीजेचा वेगळा.

डिसेंबर : थंडी आणि हुरडा. शेतात चादर अंथरून, शेंगा चटणीसकट.

जानेवारी : १२ तारखेला हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याला फाशी दिली. चौकातल्या पुतळ्यांसमोर चार नावं वाचायची. दुकानाचं नाव नको, विक्री तर नकोच. मग लगेच गड्डा : पांढरी बाराबंदी, सात नंदीध्वज, अक्षता. गर्दीत फोन डोक्यावर धरून काढलेलं दृश्य सगळीकडे असतं. आपण नंदीध्वज पेलणाऱ्याचा कमरेचा पट्टा आणि हात दाखवू. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दुकानाचा पत्ता शेवटच्या तीन सेकंदांत.

फेब्रुवारी-मार्च : बारावी, मग दहावी. पंधरवड्याला एकच रील, तीही संध्याकाळी आणि बिनगाण्याची. पोरांना फोनकडे ओढायचं नाही. रील पालकांसाठी : जमिनीवर चौघडी चादर, त्यावर वही, बाजूला चहाचा पेला.

एप्रिल : १४ तारखेला आंबेडकर जयंतीचं अभिवादन. परीक्षा संपल्या की मागाची मालिका, चार भाग. जॅकार्डचे भोकांचे पुठ्ठे फिरतात आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला मोराची मान थोडी थोडी वर येते. दादा, तिथेच फोन स्थिर धरा, २० सेकंद हलायचं नाही.

मे : ऊन. सुती टॉवेल, पहाटेचं शूट. लग्नाच्या आहेराची रील महिन्याच्या सुरुवातीलाच.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडण्याआधी अर्धा तास बसू. पहिली बैठक १ जूनला.