वार्षिक स्नेहसंमेलन : मुख्याध्यापिकांचे अहवालवाचन

व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष आणि पदाधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, पालक आणि रंगमंचामागे नटूनथटून आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, सर्वांना नमस्कार.

वार्षिक अहवालातल्या ठळक नोंदींचे फोटो गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर टाकले होते. अक्षर बारीक आहे, नीट वाचता येत नाही, असं घरच्या वडीलधाऱ्यांनी कळवलं. म्हणून त्याच नोंदी आज मोठ्याने वाचते. क्रम मात्र थोडा बदलला आहे. अहवालात पहिल्या पानावर दहावीचा निकाल आहे आणि तिसरीचं वाचन शेवटच्या पानावर. मी तिसरीपासून सुरुवात करून दहावीपर्यंत वर चढत जाणार आहे. दहावीच्या निकालाचा पाया तिसरीत पडतो, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतरचं ठाम मत आहे.

तर तिसरी. पट ४१. जूनमध्ये वर्गशिक्षिकांनी प्रत्येक मुलाला एकटं जवळ बसवून एकच उतारा वाचायला दिला. १७ मुलं अडखळत होती. काहींना जोडाक्षर आलं की पुढे सरकता येत नव्हतं, काही जण चित्र बघून अंदाजाने शब्द म्हणत होते. मग रोजचा पहिला अर्धा तास फक्त वाचनाला दिला. आठवीचं एक मूल आणि तिसरीचं एक मूल अशा जोड्या लावल्या. एक मुलगा ‘र’पाशी अडायचा. ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला तिरका र आणि ‘राष्ट्र’मधला खालचा र, हे तिन्ही एकच अक्षर आहे हे त्याला पटतच नव्हतं. त्याच्या आठवीतल्या ताईने फळ्यावर तीन रकाने आखले आणि सापडेल तो शब्द योग्य रकान्यात लिहायला लावला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिन्ही रकाने भरले. डिसेंबरच्या चाचणीत १७ पैकी १३ मुलांनी तो उतारा न थांबता वाचला आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरंही दिली. उरलेल्या चौघांबरोबर काम चालू आहे, ती चौघंही वाचतील. आज या १३ मुलांना बक्षीस नाही, कारण वाचनाला ढाल नसते. पण माझ्या यादीत त्यांचा नंबर पहिला आहे.

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला गेल्या वर्षी आपले २६ विद्यार्थी बसले. १५ पात्र ठरले, तिघं जिल्हा गुणवत्ता यादीत आले. भाषेत आणि गणितात मुलं पहिल्यापासून बरी होती. बुद्धिमत्ता चाचणीला मात्र वेळ पुरत नसे. शनिवारचे जादा तास त्यासाठीच घेतले आणि त्या तासांना शिक्षक स्वखुशीने आले.

सातवीच्या दोन मुलींच्या उपकरणाची निवड तालुका विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्यासाठी झाली. पाऊस आला की दोरीवरचे कपडे काढायला सांगणारा बझर, अशी त्यांची साधी कल्पना. दोन तारा जवळजवळ ठेवायच्या, मध्ये थेंब पडला की मंडल पूर्ण होणार आणि बझर वाजणार. नळाच्या पाण्यात मीठ घालून पाहिलं तेव्हा वाजला. खऱ्या पावसात मात्र वाजेना. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, त्यामुळे त्यातून वीज जेमतेम वाहते, हे त्या दोघींनी स्वतः शोधून काढलं. मग विज्ञानाच्या सरांकडून ट्रान्झिस्टर समजून घेतला, तो जोडला आणि तेवढ्याशा प्रवाहावर बझर वाजू लागला. परीक्षकांनी विचारलं, आधी का वाजत नव्हता? दोघींनी न घाबरता सगळं सांगितलं. मला वाटतं, निवड त्या उत्तरामुळे झाली. हे उपकरण प्रयोगशाळेबाहेर मांडलं आहे, जाताना जरूर बघा.

आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत आपले ६ विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक ठरले. कमी उत्पन्न गटातल्या मुलांसाठीची ही केंद्र सरकारची योजना. नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीच्या पालकांना इथूनच विनंती करते, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. हुशार मूल कागदासाठी मागे राहिलं तर मला फार वाईट वाटतं.

शासकीय रेखाकला परीक्षांचा निकाल : एलिमेंटरीला २२ पैकी २२ उत्तीर्ण, ४ जणांना अ श्रेणी. इंटरमिजिएटला ११ पैकी ११, दोघांना अ श्रेणी. स्वागतकमानीवरचं सगळं अक्षरलेखन याच मुलांचं आहे.

आता खो-खो. आपला मुलींचा संघ जिल्हा स्पर्धेत उपविजेता ठरला. आपल्या शाळेचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला आणि एका गुणाने हरला. मी तिथे होते. शेवटच्या आक्रमणात आपल्या मुलीने खांबाजवळ सूर मारला, बोटं समोरच्या खेळाडूच्या पाठीपासून वीतभर दूर राहिली आणि शिट्टी झाली. गुडघे सोलवटलेल्या आमच्या मुली उठल्या, आधी विजेत्या संघाचं अभिनंदन करून आल्या आणि मग रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मैदानावर आल्या तेव्हा बारा जणींत एकही गैरहजर नव्हती. या मुलींना पहाटे मैदानावर सोडणाऱ्या आई-वडिलांचे मी मनापासून आभार मानते. मुलीच्या खेळासाठी घरातली सकाळची सगळी घडी बदलावी लागते, ते मला माहीत आहे.

आणि आता दहावी. ५८ विद्यार्थी बसले, ५६ उत्तीर्ण झाले, निकाल ९६.५५ टक्के. विशेष प्राविण्यात १९, प्रथम श्रेणीत २४. शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला ९३.४० टक्के. जे दोघं राहिले, त्यांची गोष्ट अहवालात एका ओळीतही नाही, म्हणून सांगते. निकालानंतर आठवडाभर ते शाळेकडे फिरकले नाहीत. गणिताच्या बाई आणि शिपाईकाका दोघांच्याही घरी गेले. पुरवणी परीक्षेपर्यंत रोज दुपारी त्यांचा वर्ग भरला, फक्त दोघांचा. दोघंही उत्तीर्ण झाले. एक आयटीआयला आहे, दुसऱ्याने अकरावीत प्रवेश घेतला आहे आणि आज तो ध्वनिव्यवस्था सांभाळायला इथे हजर आहे.

शिक्षकांविषयी थोडं. तीन जणांनी वर्षभरात प्रशिक्षणं पूर्ण केली, त्याचा तपशील अहवालात आहे. ग्रंथालयात यंदा ३१० नवी पुस्तकं आली, बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम पूर्ण झालं. शाळा व्यवस्थापन समितीने त्याचा पाठपुरावा सोडला नाही म्हणून ते झालं.

पुढच्या वर्षाची दोन कामं जाहीर करते. वाचनाच्या जोड्या तिसरीबरोबर दुसरीलाही सुरू होतील आणि प्रयोगशाळा शनिवारी दुपारी दोन तास मुलांसाठी खुली राहील. ज्या पालकांना वायरिंग, सुतारकाम, शिवणकाम असं काही येत असेल, त्यांनी त्या दोन तासांत यावं. नावनोंदणीची वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर आहे.

आता मी प्रमुख पाहुण्यांना बक्षीस वितरणासाठी विनंती करते. नावं याच क्रमाने पुकारली जातील. आणि बक्षिसं सुरू होण्याआधी तिसरीच्या सगळ्या मुलांनी जागेवर उभं राहावं. तुमच्यासाठी आपण सगळे टाळ्या वाजवणार आहोत.