‘मानस’ माहितीपट : प्रकल्पपूर्ती व अनुदान विनियोग अहवाल

प्रति,
मा. अनुदान समिती, माहितीपट योजना

विषय : ‘मानस’ (५२ मिनिटे, मराठी-कोंकणी) या माहितीपटाचा अंतिम अहवाल व शेवटच्या हप्त्याची मागणी
कालावधी : जुलै २०२३ ते मार्च २०२५

महोदय/महोदया,

समितीने मंजूर केलेल्या ८,००,००० रुपयांतून झुआरीकाठच्या खाजन शेतीवरील हा माहितीपट पूर्ण झाला आहे. चित्रीकरण फोंडा तालुक्यात, मुख्यतः दुर्भाट, बोरी आणि शिरोडा परिसरात झाले. भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, लाकडी दारे, तिच्या मागचे पोंय नावाचे तळे, बांध आणि त्यांच्या आधाराने टिकलेले खारे शेत हा चित्रपटाचा गाभा आहे. गावकरी या जुन्या गावसंस्थेकडे असलेली बांधांची जबाबदारी १९६४ च्या कुळवहिवाट कायद्यानंतर कुळांच्या संघटनांकडे कशी गेली आणि मानशीतल्या मासळीच्या पावणीचा, म्हणजे लिलावाचा, पैसा भाताच्या शेतावर कसा भारी पडू लागला, हे दोन्ही धागे मूळ प्रस्तावाप्रमाणेच राहिले.

खर्च (रुपयांत)

| शीर्ष | मंजूर | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| छायाचित्रण व उपकरणभाडे | २,६०,००० | २,४८,५०० |
| ध्वनिमुद्रण व मिश्रण | ९०,००० | १,२२,००० |
| प्रवास, निवास, जेवण | १,१०,००० | १,०३,२०० |
| ड्रोन | ६०,००० | १८,००० |
| संकलन, रंगसंस्करण | १,८०,००० | १,८०,००० |
| गावातील सहभागींचे मानधन, होडीभाडे | ५०,००० | ७८,००० |
| उपशीर्षके | ३०,००० | ३०,००० |
| विमा, लेखापरीक्षण | २०,००० | १६,३०० |
| एकूण | ८,००,००० | ७,९६,००० |

तीन शीर्षांत मोठा फरक आहे. तिन्ही बदलांना समितीची लेखी पूर्वसंमती घेतली होती; ती पत्रे सोबत आहेत.

ड्रोनचे काम एका दिवसात आटोपले. खाजनाचा नकाशा वरून एकदा दिसला की पुरे; मानस समजते ती बांधावर उभे राहून. वाचलेली रक्कम ध्वनीकडे आणि गावाकडे वळवली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री पाणी उलटते, दारे एकामागून एक मिटतात, आणि तो आवाज या चित्रपटाचा कणा आहे. तो स्वच्छ मिळावा म्हणून ध्वनिमुद्रकाला दोन पावसाळ्यांत वेगवेगळ्या उधाणांना थांबवून ठेवले. पहिल्या पावसाळ्यात एके ठिकाणी बांध फुटला. दुरुस्ती चालू असताना लोकांनी चिखल उपसायचा आणि आमच्याशी बोलायचेही, हे फुकट मागणे मला योग्य वाटले नाही. म्हणून मुलाखतीला आणि कामाच्या चित्रीकरणाला त्या दिवसाच्या शेतमजुरीइतके मानधन दिले. प्रत्येक रकमेची सहीची पावती आहे. अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात हे शीर्ष पहिल्यापासूनच मोठे असावे, अशी माझी समितीला आग्रहाची सूचना आहे.

काय साध्य झाले

चित्रपटाची अंतिम प्रत मराठी व इंग्रजी उपशीर्षकांसह सादर केली आहे. चार गावांत देवळाच्या मांडवात किंवा शाळेत प्रयोग झाले. उपस्थिती सुमारे ३१०. आकड्यापेक्षा मला चर्चा मोलाची वाटते. एका गावात पावणी घेणारे आणि भात लावणारे प्रथमच समोरासमोर बसले आणि खारे पाणी किती दिवस आत ठेवायचे यावर तासभर बोलले. निर्णय काही झाला नाही, आणि तो चित्रपटाने घडवला असा दावा करणे खोटे ठरेल. पुढच्या सभेत हा विषय घेण्याचे मात्र संघटनेने ठरवले. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत खाजनांचे नकाशे करण्याची तरतूद आहे, हे बहुतेक प्रेक्षकांना चित्रपटातूनच कळले.

शाळांसाठी १४ मिनिटांची आवृत्ती केली. ती प्रस्तावात नव्हती, पण शिक्षकांनी मागितली आणि संकलनाच्या मंजूर रकमेतच बसली. ३८ तासांचे मूळ चित्रीकरण सूचीसह दोन हार्ड डिस्कवर जतन केले असून एक प्रत समितीकडे देत आहे.

प्रस्तावातला एक भाग झाला नाही : प्रत्यक्ष पावणीचे चित्रीकरण. बोली लावणाऱ्यांनी कॅमेऱ्याला नकार दिला. तो प्रसंग आता दोन जुन्या शेतकऱ्यांच्या आठवणींतून येतो. एका वृद्ध मानसराखणदाराने प्राथमिक प्रत पाहून आपले कौटुंबिक बोलणे काढायला सांगितले. तेही काढले आहे आणि जतन केलेल्या प्रतींतूनही वगळले आहे.

मागणी

आतापर्यंत ६,४०,००० रुपये मिळाले आहेत. उरलेला १,५६,००० रुपयांचा खर्च निर्मितीसंस्थेने स्वतःच्या खात्यातून भागवला आहे. म्हणून शेवटचा हप्ता १,६०,००० ऐवजी १,५६,००० रुपयांचा द्यावा. ४,००० रुपयांची बचत समितीकडेच राहील. संकलक आणि ध्वनिमुद्रक यांच्या मानधनातून कापलेला टीडीएस भरला असून चलने जोडली आहेत.

सोबत : सनदी लेखापालाचे विनियोग प्रमाणपत्र, खर्चाची देयके व पावत्या, बदलांच्या संमतीची पत्रे, सहभागींची संमतीपत्रे, प्रयोगांची उपस्थिती नोंद, एक हार्ड डिस्क.

आपली विश्वासू,
दिग्दर्शिका व प्रकल्पप्रमुख, ‘मानस’
फोंडा, गोवा