अक्का, रात्री जाग आली की हे वाच

अक्का,

"रिपोर्ट चांगलाच येईल ना गं?" असं तू विचारतेस, त्याला मी हो म्हणणार नाही. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. आज खोटं हो म्हटलं तर सोमवारनंतर माझ्या शब्दावर तुझा भरवसा राहायचा नाही, आणि पुढे काही करायची वेळ आली तर तो भरवसा आपल्याला लागेल.

भीती वाटते ना, वाटू दे. छातीत गाठ लागलीय, सुई घालून तुकडा काढलाय, कोणाला भीती वाटणार नाही? "तू तर घरातली खंबीर" असं जे म्हणतात, त्यांच्यासमोर हसून दाखवायची काही गरज नाही.

दाजी केळीला पाणी द्यायला गेले असतील. रात्रीची लाईट असली की तू गच्चीवर एकटी, आणि डोकं सुरू. तेव्हा आधी पाय खाली फरशीला टेकव. उन्हाने तापलेली फरशी अजून कोमट असेल, ती तळव्यांना लागू दे. श्वास आत घे, आणि घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड. चार-पाच वेळा. भीती जाईल असं नाही, पण छातीतली धडधड उतरेल.

आता तू सारखी म्हणतेस ते, "इतके दिवस का लागताहेत, काहीतरी वाईट असेल म्हणूनच." लॅबमध्ये मी रोज हेच काम करते, म्हणून सांगते. तो तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात. छातीचा तुकडा असला तर निदान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर. मग मशीनमध्ये रात्रभर त्यातलं पाणी काढून मेण भरतात. त्या मेणाचा ठोकळा करून तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर घेऊन जांभळा आणि गुलाबी रंग देतात, तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट मॅडम तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही शंका आली तर पुन्हा काप मागतात, कधी आणखी एक तपासणी लावतात, त्यात अजून काही दिवस जातात. साध्या गाठीतही असं होतं आणि कॅन्सरच्या गाठीतही. उशिरावरून काहीच ओळखता येत नाही. आम्हालाही येत नाही.

छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे खरं आहे. पण तुझी कुठली, हे ती काच बघितल्यावरच कळेल. म्हणून या वाक्याला घट्ट धरून बसू नको, आणि शेजारच्या काकूंनी कोणाकोणाचं काय झालं ते सांगितलं त्यालाही नको. त्या आल्या की सरळ सांग, "रिपोर्ट आला की बोलू." वाईट वाटलं तर वाटू दे त्यांना.

गेल्या श्रावणात कानबाईचे रोट झाले नाहीत म्हणून हे झालं, असं तू दाजींना म्हणालीस म्हणे. नाही गं. कानबाई असा हिशेब ठेवत नाही. पोरीला कमी दिवस पाजलं, लहानपणी गोठ्यात मार लागला होता, असलंही काही उकरून काढू नको. आणि गाठ हाताला लागल्यावर तू डॉक्टरांकडे गेलीस. कितीजणी लाजेपोटी वर्ष वर्ष जात नाहीत.

दिवसभराचं मी काही सांगत बसत नाही, तुला रिकामं बसवत नाही हे मला ठाऊक आहे. मिरच्या निवड, पापड लाट, जे हाताला येईल ते. जेवण मात्र सोडू नको. भाकर गळ्याखाली उतरली नाही तर खिचडी खा. मोबाईलवर आजाराचं नाव टाकून रात्री बघत बसू नको, ते सगळं तुझ्यासाठी लिहिलेलं नसतं.

रिपोर्टची पीडीएफ आधी मोबाईलवर आली तर डॉक्टरांना भेटेपर्यंत उघडली नाही तरी चालतं. राहवलं नाही तर उघड, पण मला फोन लावून. मध्यरात्र असली तरी लाव. त्यात इंग्रजी शब्द असतील, त्यांचा अर्थ एकटीने लावू नको. साधं निघालं तर पुढे कधी दाखवायचं ते विचारू. तसं नाही निघालं तर त्याच खुर्चीत बसून पुढची पायरी विचारू. दोन्ही वेळेला मी शे ना.

सोमवारी मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरते. तू आणि दाजी चोपड्याहून या, स्टँडवरच भेटू. जुनी सोनोग्राफी, फाईल आणि पाण्याची बाटली घे. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते वहीत लिहून आण, आत गेलं की आठवत नाही. आणि दाजींना सांग, त्या दिवशीची पाण्याची पाळी शेजारच्या शेतवाल्यांना बघायला सांगा, घाईने परत पळायचं नाही.

तुझी,
धाकटी