फ्लॅट 303 ची पावसाळ्याआधीची पाहणी : पूर्वसूचना

पुणे, सोमवार, 4 मे 2026

श्री. संदीप व सौ. अश्विनी गायकवाड,
फ्लॅट क्र. 303, तिसरा मजला, कर्वेनगर, पुणे 411052

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आहे. त्याआधी एकदा फ्लॅट पाहून जावा, असं मनात आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण कशासाठी यायचं, कोण येणार, काय पाहणार आणि काय पाहणार नाही हे सगळं तुमच्या हातात लेखी असावं, म्हणून हे पत्र. मजकूर सारखाच ठेवून व्हॉट्सॲपवरही पाठवते आहे.

आधी तारखा. संदीप, तुमची तिसरी पाळी आणि दुपारपर्यंतची झोप लक्षात घेऊन सकाळ टाळली आहे. अश्विनी मंगळवार-बुधवार ऑफिसला जातात, म्हणून तेही वार सोडले. तीन वेळा सुचवते :

शनिवार, 16 मे, दुपारी 4:30 ते 5:30
रविवार, 17 मे, संध्याकाळी 5 ते 6
गुरुवार, 21 मे, दुपारी 12:30 ते 1:30 (संदीप यांची साप्ताहिक सुट्टी)

16 तारखेला अमावस्या आहे आणि 17 पासून अधिक महिना लागतो. तुमच्या घरी काही धार्मिक कार्य असेल, पाहुणे येणार असतील, तर तो दिवस सरळ खोडून टाका. तिन्हीपैकी एकही जमत नसेल तर तुमच्या सोयीचे दोन दिवस सांगा, मी माझं जुळवून घेईन. फक्त 24 मेच्या पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. गेल्या वर्षी मोसमी पाऊस 26 मेलाच पुण्यात पोचला होता, जूनची वाट पाहत बसलेल्या सगळ्यांची तारांबळ उडाली. तुमच्या बेडरूमच्या छताचा फोटो तुम्ही मला त्याच पावसाळ्यात पाठवला होता.

तेच यायचं मुख्य कारण. पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, कपाटाच्या वर, तळहाताएवढा डाग होता आणि सप्टेंबरपर्यंत तो दीड फुटापर्यंत पसरला. आपला मजला शेवटचा. सोसायटीने फेब्रुवारीत गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पण त्यानंतर पाऊस झालेला नाही, त्यामुळे काम टिकलं की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. कोरड्या दिवसांत ओल तपासून काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्याच कोपऱ्यावरून टाकीचा पाइप गेला आहे. मे महिन्यात, पाऊस नसताना, तिथे हाताला गारवा किंवा ओल लागली तर दोष गच्चीचा नाही, पाइपाचा आहे. मग सोसायटीशी बोलायचं की प्लंबर बोलवायचा, हे त्याच दिवशी ठरेल. छतावर बोटाने टकटक करून गिलावा पोकळ झाला आहे का, तेही पाहायचं आहे. खाली आई झोपतात. गिलाव्याचा तुकडा त्यांच्या अंगावर पडण्याची वाट मला पाहायची नाही.

दुसरं कारण विजेचं. इमारत 1994 ची आहे आणि वायरिंगचा बराच भाग तेव्हाचाच. तुम्ही मागच्या वर्षी एसी लावला, त्याला माझी संमती होती आणि आहे. मात्र तो 16 अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर आणि स्वतंत्र एमसीबीवर आहे ना, हे मी तेव्हा पाहायला हवं होतं, ते राहिलं. गीझर 2016 चा आहे. त्याचं अर्थिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्यायचा आहे. मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबल्यावर तो लगेच पडायला हवा. तो पडला नाही तर दुसऱ्याच दिवशी बदलून देईन. ओल्या हाताने बटण लावायचे दिवस येत आहेत, आणि घरात लहान मूल व वयस्क माणूस दोन्ही आहेत. यासाठी साधारण वीस मिनिटं घराची वीज बंद ठेवावी लागेल. अश्विनी, तुमचं ऑफिसचं काम चालू असेल तर वीज कधी बंद करायची ती वेळ तुम्हीच सांगा. त्या वीस मिनिटांसाठी आम्ही थांबू.

बाकीचं थोडक्यात. खालच्या 203 मध्ये बाथरूमच्या छताला ओल आल्याचं त्यांनी कळवलं आहे, म्हणून आपल्या आतल्या बाथरूमच्या फरशीचे सांधे नुसते पाहायचे आहेत. पाणी साठवून करायची चाचणी लागलीच तर ती त्या दिवशी करणार नाही, कारण त्यासाठी बाथरूम जवळजवळ दिवसभर बंद राहतं. त्यासाठी वेगळं विचारेन. स्लायडिंग खिडक्यांच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं, कोरड्या गॅलरीची जाळी, स्वयंपाकघराच्या चौकटीला लागलेली वाळवी, आणि सिलिंडरची सुरक्षा नळी. या नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली असतील तर बदलून घेऊ, खर्च माझा.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र एवढं लांबलं, ती सांगते. करारात मालकीण म्हणून माझं नाव असलं तरी तिथे घर तुमचं आहे. तुमच्या परवानगीने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठीच मी आत येईन. लग्नानंतर सुरुवातीची चार वर्षं आम्हीही भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. एका दुपारी मी लवकर घरी आले तर घरमालक स्वतःच्या किल्लीने आत येऊन स्वयंपाकघरात उभे होते. नळ बघायला आलो, म्हणाले. नळ खरंच गळत होता. पण त्यानंतर त्या घरात मला कधी निर्धास्तपणे आंघोळ करता आली नाही. माझ्या घरात राहणाऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून हे स्पष्ट लिहिते. तुमच्यापैकी निदान एक मोठं माणूस घरात असल्याशिवाय कोणीही उंबरा ओलांडणार नाही. माझ्याबरोबर फक्त एक इलेक्ट्रिशियन असेल, जो सोसायटीत नेहमी येतो आणि ज्याला तुम्ही ओळखता. एजंट, घर बघायला येणारं गिऱ्हाईक किंवा माझ्या नात्यातलं कोणीही नसेल. फ्लॅट विकायचा विचार नाही, त्यामुळे ती शंका मनातून काढून टाका. कपाटं, खण, ट्रॉल्या, फ्रिज यांपैकी काहीही उघडणार नाही. बेडरूममधलं कपाट डागाखालीच आहे. ते थोडं सरकवावं लागलं तर तुम्हाला विचारून, तुमच्यासमोरच. फोटो काढायचे ते फक्त डागाचे, बोर्डाचे आणि फरशीच्या सांध्यांचे, तेही तुमच्याच मोबाइलवर. त्यातले योग्य वाटतील ते तुम्ही मला पाठवा. व्हिडिओ काढला जाणार नाही. आई झोपलेल्या असतील तर त्यांची खोली शेवटी घेऊ, आणि त्यांना उठवावं लागत असेल तर त्या खोलीसाठी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं येऊन जाईन. देवघराच्या भिंतीत काहीच पाहायचं नाही.

दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. ती तुमच्या सहीच्या बंद पाकिटात आहे आणि पाकीट आजवर फोडलेलं नाही. आग, गॅस किंवा घरात पाणी भरणं अशी वेळ आली तरच, आणि तेव्हाही आधी तुम्हा दोघांना फोन करूनच, ते उघडलं जाईल. पाहणीसाठी ती किल्ली वापरणार नाही. येताना पाकीट घेऊन येईन, सही आणि चिकटपट्टी तुम्ही बघून घ्या.

आवराआवर करू नका. भिंतीला ठोकलेले खिळे, मुलीने पेन्सिलने काढलेली चित्रं, सोफ्यावरचे कपडे यांतलं काहीही मला पाहायचं नाही आणि त्याचा डिपॉझिटशी संबंध नाही. वापराने होणारी झीज ही माझ्या खर्चाची बाब आहे. मांजर पाळल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. करारात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही आणि माझी हरकतही नाही. फक्त इलेक्ट्रिशियन दार उघडं ठेवतो, तेवढा वेळ तिला एका खोलीत ठेवा.

कायद्याचा आधार विचारलात तर, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 28 प्रमाणे मालकाला आधी सूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करता येते, आणि कलम 14 प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आपल्या 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या नोंदणीकृत करारातल्या नवव्या मुद्द्यातही हेच आहे. तिथे तीन दिवसांची सूचना पुरेशी म्हटली आहे. मी बारा दिवस आधी लिहिते आहे, कारण पाळीवर काम करणाऱ्या माणसाला तीन दिवसांत वेळ काढणं सोपं नसतं.

रविवार, 10 मेपर्यंत कोणता दिवस जमेल ते कळवा. व्हॉट्सॲपवर एक ओळ चालेल. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार असा मी धरणार नाही. सोमवारी फोन करेन. ठरलेल्या दिवशी ऐनवेळी कोणी आजारी पडलं, पाळी बदलली, तर निघण्याआधी कळवा, दिवस पुढे ढकलू. पाहणीनंतर चार दिवसांत काय आढळलं आणि मी काय दुरुस्त करणार ते तुम्हाला लेखी पाठवेन. दुरुस्तीचा प्रत्येक दिवस पुन्हा तुम्हाला विचारूनच ठरेल. या खर्चापोटी करार संपेपर्यंत भाडं वाढणार नाही, हेही लिहून देते.

तुम्हालाही काही दाखवायचं असेल, गळका नळ, न लागणारी कडी, तर आत्ताच कळवा, म्हणजे लागणारं सामान बरोबर आणता येईल. चहापाण्याची तयारी करू नका.

कळावे,

आपली,
सुनंदा कानडे

ता. क. गॅलरीतल्या कुंड्या जाळी तपासताना हलवाव्या लागतील. त्या जड आहेत, तुम्ही आधीपासून उचलू नका. आम्ही हलवू आणि जशा होत्या तशा परत लावू. मोगऱ्याला कळ्या असतील तर ती कुंडी कुठे ठेवायची ते आईंना विचारून ठेवा.