ऊन लागण्याआधी हे वाचा (बांधकामावरचे, हातगाडीवाले आणि घरातले आजी-आजोबा)

अकोल्यात मे महिना म्हणजे पारा ४५ ला टेकतोच, त्यामुळे स्लॅबचं, खोदकामाचं काम सकाळी लवकर उरका आणि १२ ते ४ सावलीत बसा, ठेकेदाराशी आधीच बोलून घ्या. डोक्याला ओला दुपट्टा, अंगात सैल सुती कपडे. तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी पाणी, मधून मधून ताक, पन्हं नाहीतर ओआरएस. खिशातल्या कांद्याने काही होत नाही बरं का, बाटलीतल्या पाण्याने होतं.

म्हाताऱ्यांना तहान कळतच नाही, आमची आजी "नको रे" म्हणत अख्खी दुपार काढते, म्हणून तांब्या हातातच द्यायचा. बीपीच्या, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले की काम लगेच थांबवा. पण अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, झटके येतायत किंवा बेशुद्ध पडलाय तर तो उष्माघात, घाम असो वा नसो. आधी १०८ लावा, सावलीत आणा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, तापाची गोळीही नको.