अर्धा कोयता : गाण्याचा कच्चा आराखडा

दादा, नाव तेच ठेवलंय, अर्धा कोयता. विषय एका ओळीत: उसाला न जाता लेकीसाठी गावात मागं राहिलेली बाई. चाल बांधण्याआधी गोष्ट नीट बघून घ्या. ओळी अजून ओबडधोबड आहेत, पण गोष्ट पक्की झालीय.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे तुम्हाला सांगायला नको. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता, उचलही निम्मी. या एका हिशेबाच्या शब्दावर सगळं गाणं उभं करायचंय. धृपदाची पहिली ओळ तिन्ही वेळा जशीच्या तशी राहील, खालची तेवढी बदलेल. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी ती पहिली ओळ वेगळी ऐकू आली पाहिजे.

गाते ती बाई. केज-धारूरकडची, तीस-बत्तीसची. थोरली लेक पाचवीत, धाकटा अंगावर.

कडवं पहिलं, निघणं. दसरा झालाय, ट्रॅक्टर वेशीत उभा. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, सरपण, दोन कोंबड्या, वर लेकरं. म्हातारी ओट्यावरून हात करते. इथं दुःख नको, हलगी वाजू द्या. नवं लग्न झाल्यापासून ही दरसाल अशीच निघालीय, तिला त्यात जोडीनं असण्याचा अभिमान आहे.

*अर्धा तू, अर्धी मी, एक कोयता*
*बालाघाट उतरून जाऊ आता*

कडवं दुसरं, फड. हेच लांब ठेवू, सगळं वळण इथं आहे. कोल्हापूरकडचा फड, पहाटेचे चार, थंडीनं कोयत्याची मूठ गार पडलेली. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. बांधावर लेक धाकट्याला मांडीवर घेऊन बसलीय आणि तेराचा पाढा म्हणतेय. तेरा सत्ते एक्याण्णव म्हणते आणि थांबते. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबते. गावच्या शाळेत ती तिथपर्यंतच आली होती, मग ट्रॉलीत बसली. मोळी डोक्यावर, पाय फळीवर, आणि आईला कळतं की पोरगी गेल्या साली पण ह्याच जागी अडली होती.

इथं वाद्यं बंद करा. फक्त कोयत्याचा खट्-खट् आवाज आणि एका लहान पोरीच्या तोंडचा पाढा. शाळेतली पोरगी घ्या, शिकलेली गायिका नको.

याला लागूनच चार ओळींचा तुकडा, दुसऱ्या सालचा दसरा. ती म्हणते, औंदा मी येत नाही. तो गप्प. मुकादम उंबऱ्यात बसून म्हणतो, "मंग अर्धाच कोयता धरतो, उचल बी अर्धीच." गावातल्या बायाही तेच म्हणतात, नवऱ्याला एकटं धाडलं. मुकादमाला खलनायक करू नका, तो हिशेबच सांगतोय. नवरा भांडत नाही. रात्री एकट्याचंच अंथरूण गुंडाळून ठेवतो, एवढंच दाखवू.

*अर्धा तू, अर्धी मी, एक कोयता*
*मोळीला खांदा कोण देईल आता*

ही ओळ तिला टोचली पाहिजे. चाल खाली, जात्यावरच्या ओवीच्या अंगानं. तिनं चूक केली की काय, असं ऐकणाऱ्यालाही वाटू द्या. या साली घरात तेल मोजून आणलं जातं, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. हे भरभर येऊ द्या, रडवायचं नाही.

कडवं तिसरं, पट्टा पडतो, तोडीचा हंगाम सरतो. चैत्राचं ऊन. तो एकटा उतरतो, वाळलेला, हातात पेटी. जेवण झाल्यावर खिशातून मुकादमानं दिलेला हिशेबाचा कागद काढतो. आजवर तो कागद घडी करून देव्हाऱ्यामागं जायचा, कारण दोघांनाही वाचता येत नाही. आज लेक तो कंदिलाजवळ धरते, बोट फिरवते. "बाबा, तुमचे खाडे किती?" तो बोटावर मोजून नऊ सांगतो. "हितं अकरा लिवलेत." दोघं तिच्याकडं बघत राहतात. पैसे मिळाले का नाही ते गाण्यात सांगायचं नाही. मी आधी मिळवून दिले होते, मग खोडलं. त्यानं गाणं खोटं झालं असतं.

*अर्धा तू, अर्धी मी, एक कोयता*
*हिशेबाचा कागद लेक वाचते आता*

दुसऱ्या ओळीवर हलगी परत, हलकी, लांबून आल्यासारखी. मग सगळं थांबवून पोरीचा आवाज, फडात अडलेल्या जागेपासून पुढं:

*तेरा सत्ते एक्याण्णव*
*तेरा आठे चारोदरसे*